कोरी चौकट आणि शून्य : वर्गाच्या सरासरीचा भाजक

सरासरी काढण्याची रीत प्राथमिक शाळेतील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. सर्व संख्यांची बेरीज करावी व त्या जितक्या असतील तितक्यांनी बेरजेस भागावे. या रीतीत बेरीज सहसा चुकत नाही. चूक होते ती भाजकात. ‘जितक्या असतील तितक्या’ म्हणजे नेमक्या किती, हा प्रश्न वरवर अगदी साधा दिसतो. परंतु वर्गातील काही मुले चाचणीच्या दिवशी गैरहजर असली, किंवा एखाद्या मुलास खरोखरच शून्य गुण मिळाले, की तोच प्रश्न अवघड होऊन बसतो.

पूर्वी शिक्षक गुणतक्ता कागदावर आखीत, तेव्हा हा भाजक ते स्वतः ठरवीत. बारा मुलांच्या वर्गात दहांनी चाचणी दिली असेल, तर दहांनी भागावे की बारांनी, हे लेखणी हाती असणाराच ठरवी आणि आपण काय ठरविले हे त्यास ठाऊक असे. आता बहुतेक माहिती संगणकावरील एक्सेलसारख्या तक्त्यात भरली जाते. तेथे AVERAGE हे सूत्र लिहिले की उत्तर तत्काळ मिळते, पण भाजक कोणता घेतला हे उत्तराबरोबर दिसत नाही. भाजक यंत्र ठरविते, आणि तोही शिक्षकाने चौकटीत काय लिहिले किंवा काय लिहिले नाही यावरून ठरविते. म्हणून हे सूत्र कोणती चौकट मोजते व कोणती सोडते, हे नीट समजून घेणे अवश्य आहे.

सूत्राचा नियम

एक्सेलमध्ये AVERAGE या सूत्रास एखादा रकाना दिला, म्हणजे ते त्या रकान्यातील फक्त आकडे असलेल्या चौकटी घेते. त्यांची बेरीज करते आणि तेवढ्याच चौकटींच्या संख्येने भागते. कोरी चौकट त्याच्या हिशेबी नसल्यासारखीच असते. चौकटीत ‘गै’ यासारखे अक्षर किंवा आडवी रेघ असेल तर तीही सोडली जाते. शून्य मात्र सोडले जात नाही. कारण शून्य हा आकडाच आहे. तो बेरजेत काही भर घालीत नाही, परंतु भाजकात एकाची भर घालतो. लिबर ऑफिसमधील कॅल्क व गूगल शीट्स या तक्त्यांतही हाच नियम आहे.

हा नियम चुकीचा नाही. शून्य आणि कोरी चौकट या दोहोंचा अर्थ मुळातच वेगळा आहे. शून्य सांगते की ‘मोजले आणि काहीच मिळाले नाही.’ कोरी चौकट सांगते की ‘मोजलेच नाही.’ चाचणीस बसून एकही उत्तर बरोबर न आलेले मूल आणि त्या दिवशी भातलावणीसाठी आईबरोबर खाचरात गेलेले मूल, या दोघांविषयी शिक्षकास सारखेच ज्ञान आहे असे कोणी म्हणणार नाही. पहिल्यास काय येत नाही हे कळले आहे; दुसऱ्याविषयी अद्याप काहीच कळलेले नाही. यंत्र हा भेद पाळते. अडचण येते ती तक्ता भरणारे हात हा भेद पाळीत नाहीत तेव्हा.

एक वर्ग, तीन सरासऱ्या

वेल्ह्याहून केळदच्या बाजूस जाणाऱ्या रस्त्यावरील पासली हे सह्याद्रीच्या कुशीतील गाव डोळ्यांसमोर ठेवावे. पावसाचा जोर, वाड्यावस्त्यांतून येणारी मुले, ओढ्यांना येणारे पाणी आणि आषाढातील लावणीची घाई यांमुळे अशा भागात पावसाळ्यातील हजेरी दररोज सारखी राहत नाही. तेथील इयत्ता चौथीचा बारा मुलांचा एक वर्ग आहे व गणिताची २० गुणांची चाचणी झाली आहे, असे समजू. पुढील आकडे समजावणीसाठी कल्पिलेले आहेत.

हजेरीपटाच्या क्रमाने गुण असे आहेत : पहिल्या मुलास १४, दुसऱ्यास ११, तिसरे मूल गैरहजर, चौथ्यास १७, पाचव्यास ८, सहाव्यास ०, सातव्यास १५, आठव्यास १२, नववे मूल गैरहजर, दहाव्यास १६, अकराव्यास ९ आणि बाराव्यास १८. मुलांची नावे तक्त्यात A2 पासून A13 पर्यंत व गुण B2 पासून B13 पर्यंत आहेत. सर्व गुणांची बेरीज १२० होते.

आता हाच तक्ता तीन शिक्षकांनी तीन प्रकारे भरला असे पाहू. पहिल्या शिक्षकाने गैरहजर मुलांच्या दोन चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि सहाव्या मुलाचे शून्य लिहिले. यंत्रास दहा आकडे मिळाले. १२० भागिले १०, म्हणजे सरासरी १२ आली. दुसऱ्या शिक्षकास चौकट कोरी ठेवणे बरे वाटले नाही. माहिती अपुरी दिसेल म्हणून त्याने दोन्ही गैरहजर मुलांपुढे शून्य लिहिले. यंत्रास बारा आकडे मिळाले. सरासरी १० आली. तिसऱ्या शिक्षकास शून्य लिहिणेच रुचत नव्हते. मुलास काहीच मिळाले नाही तर लिहावयाचे तरी काय, अशा विचाराने त्याने सहाव्या मुलाचीही चौकट कोरी सोडली. यंत्रास नऊच आकडे मिळाले, सरासरी १३.३३ आली.

मुले तीच, उत्तरपत्रिका त्याच, बेरीजही तिन्ही ठिकाणी १२०. तरी एक वर्ग ५० टक्क्यांवर, दुसरा ६० टक्क्यांवर आणि तिसरा ६६ टक्क्यांच्या वर दिसतो. हे तीन वर्ग तीन निरनिराळ्या शाळांचे असते आणि तिन्ही सरासऱ्या एका यादीत उतरल्या असत्या, तर तिसरी शाळा वरच्या क्रमांकावर व दुसरी शेवटी गेली असती. दुसऱ्या शाळेतील शिक्षकास अध्यापनाविषयी खुलासा द्यावा लागला असता. वस्तुतः तेथे फरक अध्यापनात नव्हता, कोऱ्या चौकटी भरण्याच्या सवयीत होता.

तिसऱ्या प्रकारात आणखी एक हानी आहे. सहाव्या मुलाचे शून्य ही त्या तक्त्यातील सर्वांत महत्त्वाची नोंद होती. ज्या मुलाकडे त्याच आठवड्यात वेगळे बसून लक्ष द्यावयास हवे, ते मूल कोऱ्या चौकटीमुळे तक्त्यातून नाहीसे झाले आणि त्याच्या नाहीसे होण्याने वर्गाची सरासरी वाढली. सरासरीचा हा स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे : कमी गुणांचे मूल मोजणीबाहेर गेले की वर्ग हुशार झाल्यासारखा दिसतो, मग ते गैरहजेरीमुळे जावो की कोऱ्या चौकटीमुळे.

कोरी चौकटही पूर्ण सत्य सांगत नाही

वरील विवेचनावरून पहिल्या शिक्षकाची १२ ही सरासरी बरोबर, असे वाटेल. सूत्राच्या दृष्टीने ती बरोबर आहेच. परंतु तिचा अर्थ ‘वर्गाची सरासरी’ असा नसून ‘चाचणी दिलेल्या दहा मुलांची सरासरी’ असा आहे. हे दोन अर्थ एक नव्हेत.

समजा, पुढील आठवड्यात ती दोन गैरहजर मुले शाळेत आली आणि शिक्षकाने त्यांची तेवढ्याच काठिण्याची चाचणी घेतली. तिसऱ्या मुलास ७ व नवव्या मुलास ५ गुण मिळाले. आता बेरीज १३२ झाली, मुले बारा झाली आणि सरासरी ११ आली. म्हणजे संपूर्ण वर्गाची खरी सरासरी १२ नव्हती आणि १० तर नव्हतीच. कोऱ्या चौकटीने वर्गास थोडे वर दाखविले. खोट्या शून्यांनी त्यास थोडे खाली ढकलले.

कोऱ्या चौकटीची सरासरी वर सरकणे हे योगायोगाचे नाही. जी मुले वारंवार शाळेत येऊ शकत नाहीत, त्यांचे पाठही बुडालेले असतात. त्यामुळे चाचणीच्या दिवशी गैरहजर राहिलेली मुले बहुधा वर्गातील मधल्या पातळीची नसतात. कोरी चौकट सोडताना यंत्र जणू असे धरून चालते की, गैरहजर मुलास हजर मुलांइतकेच सरासरी गुण मिळाले असते. ज्या वर्गात बारांपैकी एकच मूल गैरहजर आहे तेथे या गृहीताने फारसे बिघडत नाही. परंतु बारांपैकी पाच गैरहजर असतील, तर उरलेल्या सातांची सरासरी वर्गाविषयी फारच थोडे सांगते.

यावर उपाय कोऱ्या जागी शून्य भरणे हा नव्हे. पहिला उपाय म्हणजे मूल परत आल्यावर त्याची चाचणी घेणे. ते होईपर्यंत सरासरी एकटी न लिहिता तिच्या शेजारी मुलांची संख्या लिहिणे, हा दुसरा उपाय. ‘सरासरी १२’ असे लिहिण्याऐवजी ‘पट १२, चाचणी दिलेली मुले १०, सरासरी १२’ असे लिहिले, म्हणजे वाचणाऱ्यास भाजक समजतो आणि दोन शाळांची तुलना करताना तो फसत नाही.

यंत्रातील आडवाटा

वर सांगितलेला नियम पाळूनही काही वेळा सरासरी बिघडते. त्याची कारणे तक्त्याच्या रचनेत असतात. त्यांपैकी चार कारणे वारंवार आढळण्यासारखी आहेत.

पहिले कारण एका पानावरून दुसऱ्या पानावर आकडे ओढण्याचे. चाचणीचे गुण एका पानावर असतात व सत्राचा एकत्रित तक्ता दुसऱ्या पानावर असतो. दुसऱ्या पानावर पहिल्यातील चौकटीचा नुसता हवाला दिला आणि ती मूळ चौकट कोरी असली, तर एक्सेल तेथे ० दाखविते. मूळ पानावर १२ असलेली सरासरी एकत्रित पानावर १० होते आणि कोणी काही चुकीचे लिहिलेले नसते. यासाठी हवाला देताना कोरेपणा तपासणारे सूत्र लिहावे :

```
=IF(Sheet1!B4="","",Sheet1!B4)
```

याहून सोपा मार्ग म्हणजे मूळ पानावर चौकट कोरी न ठेवता ‘गै’ असे लिहिणे. मग दुसऱ्या पानावरही शून्याऐवजी ‘गै’ हेच अक्षर जाते व सूत्र ते सोडून देते.

दुसरे कारण आकडा मजकूर म्हणून बसण्याचे. आकड्यापूर्वी एकेरी अवतरणचिन्ह पडले, किंवा तक्ता दुसरीकडून उतरवून घेतला, तर १८ हे डोळ्यांना १८ दिसतात, पण यंत्रास ते अक्षर वाटते. वरील वर्गातील बाराव्या मुलाचे १८ गुण असे बसले तर बेरीज १०२ राहील, भाजक ९ होईल आणि सरासरी ११.३३ येईल. वर्गातील सर्वांत अधिक गुण मिळविणारे मूल मोजणीतून गळेल. मजकूर म्हणून बसलेला आकडा सामान्यतः चौकटीच्या डाव्या कडेस चिकटतो व खरा आकडा उजव्या कडेस. परंतु मांडणी बदललेली असल्यास ही खूण उपयोगी पडत नाही. खात्रीसाठी बाजूच्या चौकटीत पुढील सूत्र लिहावे. उत्तर TRUE आले तर तो आकडा होय. FALSE आले तर नव्हे.

```
=ISNUMBER(B13)
```

तिसरे कारण दिसण्याचे. एक्सेलमध्ये शून्य न दाखविण्याची एक सोय आहे. ती वापरलेली असल्यास शून्य असलेली चौकट कोरी भासते, परंतु सूत्र तिला शून्य म्हणून मोजतच असते. शंका आल्यास त्या चौकटीवर जाऊन वरच्या सूत्रपट्टीत पाहावे. तेथे खरे काय ते दिसते.

चौथे कारण सूत्राच्या निवडीचे. खोट्या शून्यांचा त्रास टाळण्यासाठी काही ठिकाणी पुढील सूत्र सुचविले जाते :

```
=AVERAGEIF(B2:B13,">0")
```

हे सूत्र शून्याहून मोठे आकडेच घेते. त्यामुळे गैरहजर मुलांची शून्ये जातात हे खरे, परंतु सहाव्या मुलाचे खरे शून्यही त्यांबरोबर जाते आणि सरासरी पुन्हा १३.३३ वर येते. खरे शून्य कोणते व खोटे कोणते, हे यंत्र आकड्याकडे पाहून सांगू शकत नाही. ते लिहितानाच वेगळे लिहावे लागते. याउलट AVERAGEA हे दुसरे सूत्र ‘गै’ या अक्षरास शून्य समजून भाजकात धरते, पण पूर्ण कोरी चौकट सोडते. वरील तक्त्यात ‘गै’ लिहिले असेल तर ते १० उत्तर देते व चौकटी कोऱ्या असतील तर १२. नावात एकाच अक्षराचा फरक असल्याने टंकताना हे सूत्र चुकून पडू शकते, हे ध्यानात असावे.

पडताळ्याची एक ओळ

वरील सर्व दोष एकेक करून शोधीत बसण्याची गरज नाही. गुणांच्या रकान्यात तीनच प्रकारच्या नोंदी असू द्याव्यात : चाचणी दिली असल्यास मिळालेले गुण, मग ते शून्य का असेनात, गैरहजर असल्यास ‘गै’, आणि नोंद व्हावयाची राहिली असल्यास तेवढ्यापुरती कोरी चौकट. हा नियम पाळला म्हणजे रकान्याखाली पुढील चार सूत्रे लिहून सर्व पडताळा होतो :

```
=COUNTA(A2:A13)
=COUNT(B2:B13)
=COUNTIF(B2:B13,"गै")
=AVERAGE(B2:B13)
```

पहिले सूत्र नावे मोजते, म्हणजे पट देते : १२. दुसरे फक्त आकडे मोजते. सरासरीचा भाजक तोच : १०. तिसरे गैरहजर मुले मोजते : २. चौथे सरासरी देते : १२. आता १० आणि २ यांची बेरीज पटाइतकी, म्हणजे १२ आली पाहिजे. ती आली तर प्रत्येक मुलाचा हिशेब लागला. न आल्यास एखादी चौकट भरावयाची राहिली आहे, किंवा एखादा आकडा मजकूर म्हणून बसला आहे, किंवा ‘गै’च्या मागेपुढे मोकळी जागा पडली आहे. बाराव्या मुलाचे १८ मजकूर म्हणून बसले असते तर ९ आणि २ मिळून ११ झाले असते व दोष तेथल्या तेथे उघड झाला असता.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावी. रकाना निवडला म्हणजे एक्सेलच्या तळपट्टीवर Average व Count असे दोन आकडे दिसतात. तेथील Count हा अक्षरे असलेल्या चौकटीही मोजतो. वरील तक्त्यात तो १२ दाखवील. त्यावरून सरासरीस बारांनी भागले आहे असा समज करून घेऊ नये. सरासरीचा भाजक COUNT हे सूत्र देते तोच होय.

या पडताळ्यातून एकच चूक निसटते : गैरहजर मुलापुढे लिहिलेले शून्य. ते आकडा असल्याने COUNT त्यास आनंदाने मोजते आणि बेरीज जुळते. म्हणून शून्ये किती आहेत तेही मोजावे आणि तितक्या उत्तरपत्रिका शून्य गुणांच्या म्हणून हाती आहेत काय, हे पाहावे. उत्तरपत्रिका नसेल तर ते शून्य खोटे समजावे. हजेरीपटाशी ताडून पाहिल्यास हे काम दोन मिनिटांचे आहे.

```
=COUNTIF(B2:B13,0)
```

महिन्याची सरासरी उपस्थिती

गुणांच्या तक्त्यात शून्य क्वचितच येते. उपस्थितीच्या तक्त्यात ते प्रत्येक रविवारी येऊन बसण्याचा संभव असतो. महिन्याचे एकतीस दिवस ओळीने लिहून त्यांपुढे दररोजची हजर मुले लिहिली जातात. शाळा बंद असलेल्या दिवशी हजर मुले शून्यच, असा विचार करून तेथे ० लिहिले, की सरासरी फार खाली जाते.

त्याच बारा मुलांच्या वर्गाचा जुलै महिना घेऊ. एकतीस दिवसांपैकी सात दिवस शाळेस सुट्टी होती व चोवीस दिवस शाळा भरली. त्या चोवीस दिवसांतील एका दिवशी शिक्षक शाळेत होते, शाळा उघडी होती, परंतु ओढ्यास पाणी आल्याने एकही मूल येऊ शकले नाही. उरलेल्या तेवीस दिवसांच्या उपस्थितीची बेरीज २४० झाली. येथे शाळा भरलेल्या दिवसांनी भागावयाचे, म्हणून खरी सरासरी उपस्थिती २४० भागिले २४, म्हणजे १० होय. सात सुट्ट्यांच्या दिवशी शून्य लिहिले तर भाजक ३१ होतो व सरासरी ७.७४ येते. उलट, ओढ्याला पूर आलेल्या दिवसाची चौकट कोरी ठेवली तर भाजक २३ होतो व सरासरी १०.४३ येते, वाट बंद असल्याने मुले येऊ शकत नाहीत ही गोष्ट मग अहवालात कोठेच उरत नाही.

त्या दिवशीचे शून्य खरे की खोटे, हे शाळा त्या दिवशी कामाची होती की सुट्टीची यावर अवलंबून आहे. जुलै २०२४ मध्ये अतिवृष्टीमुळे पुणे जिल्ह्याच्या घाटभागातील शाळांना जिल्हा प्रशासनाने सुट्टी जाहीर केली होती. अशा जाहीर सुट्टीचा दिवस कामाच्या दिवसांतूनच वगळला जातो. तेथे ‘सु’ असे लिहावे. सुट्टी जाहीर नसताना शाळा उघडली व कोणी आले नाही, तर तेथे शून्यच लिहिले पाहिजे. बाहेरून दोन्ही दिवस सारखेच दिसतात : पाऊस तोच, वर्ग रिकामा तोच. नोंद मात्र वेगळी.

या फरकाचे मोल ताटात दिसते. पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलास दर दिवशी १०० ग्रॅम धान्याचे प्रमाण आहे. सरासरी १० मुले व चोवीस दिवस धरल्यास २४ किलो तांदूळ लागतो. पुढील महिन्याचा अंदाज ७.७४ या सरासरीवरून कोणी केला, तर चोवीस दिवसांस सुमारे साडेअठरा किलोच निघेल. साडेपाच किलोंची ही तूट कोणाच्या काटकसरीने आलेली नसून सात कोऱ्या ठेवावयाच्या चौकटींत लिहिलेल्या सात शून्यांनी आलेली असेल.

प्रश्न आधी, भाजक नंतर

शून्य धरावे की सोडावे, याचे एकच उत्तर सर्व ठिकाणी लागू पडत नाही. विक्रीच्या उदाहरणाने हे मुलांनाही समजावून देता येते. एका बचत गटाने महिन्यातील पाच आठवडे बाजारांत तांदळाच्या पापडांची विक्री केली असे समजावे. पहिल्या बाजारात ६०० रुपयांची विक्री झाली, दुसऱ्यात ९०० रुपयांची. तिसऱ्या बाजारात दुकान मांडले, पण काही खपले नाही. चौथ्या बाजारास गटातील कोणी जाऊच शकले नाही. पाचव्यात ५०० रुपये आले. एकूण विक्री २,००० रुपये.

‘दुकान मांडले तर एका बाजारात सरासरी किती खपते?’ असा प्रश्न असेल तर चार बाजारांनी भागावे. उत्तर ५०० रुपये. पुढच्या बाजारास किती माल न्यावा हे यावरून ठरेल. ‘दर बाजारामागे गटाच्या हाती सरासरी किती पैसे येतात?’ असा प्रश्न असेल तर न गेलेला बाजारही धरावा लागेल. पाचांनी भागून उत्तर ४०० रुपये येईल. महिन्याच्या खर्चाचा मेळ घालताना हाच आकडा उपयोगी. तिसऱ्या बाजाराचे शून्य मात्र दोन्ही प्रश्नांत राहते; ते गाळून ६६६.६७ रुपये काढले, तर कोणत्याही प्रश्नाचे खरे उत्तर मिळत नाही.

इयत्ता चौथी-पाचवीच्या मुलांना हे उदाहरण फळ्यावर लिहून द्यावे व ‘कितींनी भागावयाचे आणि का?’ एवढेच विचारावे. बेरीज त्यांना सांगून टाकण्यास हरकत नाही. भाजकावर वर्गात दोन मते पडली, तर ती पडू द्यावीत व प्रत्येक बाजूस आपल्या भाजकाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते ते सांगावयास लावावे.

शाळेच्या तक्त्यांतही हाच क्रम ठेवावा. वर्गात शिकविलेले किती उमगले हे पाहावयाचे असेल, तर चाचणी दिलेल्या मुलांची सरासरी काढावी व शेजारी त्यांची संख्या लिहावी. किती मुलांपर्यंत चाचणी पोचलीच नाही हे पाहावयाचे असेल, तर ते सरासरीत शून्ये मिसळून कळत नाही. त्यासाठी ‘गै’ची संख्या स्वतंत्र लिहावी लागते. केंद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक सरासरीबरोबर पट, भाजक व गैरहजर मुले हे तीन आकडे गेले, म्हणजे पावसाने अडलेल्या शाळेची गणना मागे पडलेल्या शाळेत होणार नाही, आणि सहाव्या मुलाचे शून्य ज्यांनी पाहावयास हवे त्यांच्या दृष्टीआड राहणार नाही.